टेस्ट डेटा किती वेळा उघडला? मशीन लर्निंगच्या पेपरमधला ‘अचूकता’ हा आकडा कसा वाचायचा

‘कर्करोग ओळखण्यात एआय 97 टक्के अचूक’ अशी बातमी आठवड्याला एक तरी येतेच. मूळ संशोधनाचा पेपर उघडला तर तो आकडा तिथेही असतो, तक्त्यात, ठळक अक्षरांत. आकडा खोटा नसतो. पण तो मिळवायला किती प्रयत्न झाले आणि त्यातला हाच का छापला, हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो.

या प्रश्नाचं गांभीर्य 2015 मध्ये चव्हाट्यावर आलं. इमेजनेट ही चित्रं ओळखण्याची नावाजलेली स्पर्धा. तिच्या टेस्टची 1 लाख चित्रं सगळ्यांना मिळत, पण त्यांची बरोबर उत्तरं फक्त आयोजकांच्या सर्व्हरवर असत. आपली उत्तरं सर्व्हरला पाठवायची, तो गुण सांगणार. आणि असं आठवड्यातून दोनदाच करता येई. चिनी कंपनी बायडूच्या चमूने 4.58 टक्के चूक एवढाच निकाल जाहीर केला. गुगलचा निकाल होता 4.82. पुढे आयोजकांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की या चमूने वेगवेगळ्या खात्यांवरून नोव्हेंबर 2014 ते मे 2015 या काळात किमान 200 वेळा उत्तरं पाठवली होती. त्यातल्या 40 हून जास्त तर मार्चमधल्या अवघ्या पाच दिवसांत. कंपनीने माफी मागितली आणि चमूला वर्षभर भाग घ्यायला बंदी झाली.

कुणी सर्व्हर फोडला नव्हता, उत्तरं चोरली नव्हती. फक्त ‘किती गुण पडले?’ हे पुन्हा पुन्हा विचारलं होतं. तेवढ्याने आकडा बिघडतो कसा, हे कळलं की पेपर वाचायची नजर बदलते.

## हायपरपॅरामीटर म्हणजे काय

मॉडेल डेटावरून शिकतं, म्हणजे स्वतःच्या आतले हजारो-लाखो आकडे स्वतःच ठरवतं. पण काही गोष्टी शिकायला सुरुवात करण्याआधी माणसाने ठरवून द्याव्या लागतात. निर्णयवृक्ष किती पातळ्या खोल जाऊ द्यायचा, शिकण्याचा वेग किती ठेवायचा, डेटावरून किती फेऱ्या मारायच्या, दोन हजार जनुकांपैकी किती वापरायची. या माणसाने ठरवायच्या सेटिंग्जना हायपरपॅरामीटर म्हणतात. पुढे मी त्यांना नुसतं ‘सेटिंग’च म्हणेन.

कुठली सेटिंग चांगली हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून पाच-पन्नास करून बघतात आणि उत्तम निघेल ती घेतात. याला ट्यूनिंग म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न इतकाच, की ‘उत्तम’ कशावरून ठरवलं?

साधारण पद्धत अशी: डेटाचा मोठा भाग शिकवायला घ्यायचा, तो ट्रेनिंग डेटा. उरलेला बाजूला ठेवायचा, तो टेस्ट डेटा. मॉडेलने कधीच न पाहिलेल्या माणसांवर ते किती चालेल, याचा अंदाज टेस्ट डेटा देतो. त्याची सगळी किंमत ‘न पाहिलेला’ या दोन शब्दांत आहे. पन्नास सेटिंग्ज टेस्ट डेटावर चालवून सर्वात जास्त गुणांची उचलली, तर मॉडेलने तो डेटा पाहिला नसेल, पण निवडणाऱ्याने पाहिला. निवडही शिकण्याचाच भाग आहे.

## नुसत्या निवडीने आकडा किती फुगतो

समजा, गावातल्या 50 जणांना रोज संध्याकाळी नाणं उडवून ‘उद्या पाऊस पडेल की नाही’ हे लिहायला सांगितलं. 40 दिवस. कुणालाच पावसातलं काही कळत नाही, त्यामुळे प्रत्येक जण सरासरीने 20 दिवस बरोबर निघेल. पण सगळे नेमके 20 वर थांबणार नाहीत. 40 दिवसांच्या नाणेफेकीत साधारण 3 दिवस इकडे-तिकडे व्हायचेच. म्हणून 50 जणांतला जो पहिला येईल, त्याचे अंदाज सरासरीने 27 दिवस बरोबर असतात. म्हणजे 68 टक्के.

आता ‘गावात एक जण पावसाचा अंदाज 68 टक्के अचूक सांगतो’ ही बातमी छापली, तर त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. पुढचे 40 दिवस त्याच माणसाला विचारा. तो पुन्हा 20 च्या आसपास येईल.

इथे माणसाच्या जागी सेटिंग ठेवा आणि दिवसाच्या जागी टेस्टमधला रुग्ण. डेटामध्ये शिकण्यासारखं काहीच नसताना, 40 रुग्णांच्या टेस्टवर 50 सेटिंग्ज तपासून उत्तम ती छापली, तर 50 चे 68 टक्के होऊ शकतात. दहाच तपासल्या तरी 62 पर्यंत जातात. प्रत्यक्षात सेटिंग्ज एकमेकींसारखीच उत्तरं देतात, 50 वेगळ्या माणसांसारख्या त्या स्वतंत्र नसतात, त्यामुळे फुगवटा यापेक्षा कमी असतो. पण तो एकाच दिशेचा असतो, नेहमी कौतुकाच्या बाजूला. आणि तो दोन गोष्टींनी वाढतो: टेस्टमधले नमुने जितके कमी आणि करून पाहिलेल्या सेटिंग्ज जितक्या जास्त, तितका.

यात लबाडी असावीच लागत नाही. प्रामाणिक संशोधक ‘जरा शिकण्याचा वेग बदलून बघू’ म्हणत तीच टेस्ट पुन्हा चालवतो, आकडा सुधारतो, तो पुढे जातो. असं महिनाभर चालतं. पेपरमध्ये शेवटचा आकडा येतो, मधले प्रयत्न येत नाहीत.

## मग क्रॉस-व्हॅलिडेशन केलं की झालं ना?

क्रॉस-व्हॅलिडेशन म्हणजे डेटाचे समजा पाच सारखे भाग करायचे. चार भागांवर शिकवायचं, पाचव्यावर तपासायचं. मग दुसरा भाग बाजूला काढायचा, उरलेल्या चारांवर शिकवायचं. असं पाच वेळा केलं की प्रत्येक नमुना एकदा तपासणीत येतो, आणि पाच गुणांची सरासरी काढायची. डेटा कमी असताना ही फार उपयोगी रीत आहे, कारण एकही नमुना वाया जात नाही.

एकच सेटिंग आधीपासून ठरलेली असेल तर ही सरासरी प्रामाणिक असते. पण इथेही पन्नास सेटिंग्जची सरासरी काढून सर्वोत्तम छापली, तर पाऊस सांगणाऱ्या त्या पहिल्या नंबराचीच गोष्ट. पद्धत भारदस्त झाली, निवड तशीच राहिली.

सुधीर वर्मा आणि रिचर्ड सायमन यांनी 2006 मध्ये हे मोजून दाखवलं. त्यांनी दोन गटांचा असा कृत्रिम डेटा बनवला की गटांमध्ये मुळात काहीच फरक नव्हता. म्हणजे कुठलंही मॉडेल आणलं तरी खरी चूक 50 टक्केच. मग क्रॉस-व्हॅलिडेशनने सेटिंग निवडली आणि त्याच क्रॉस-व्हॅलिडेशनचा सर्वात चांगला आकडा निकाल म्हणून घेतला. सपोर्ट व्हेक्टर मशीन या प्रचलित पद्धतीत, असे डेटासंच पुन्हा पुन्हा बनवल्यावर 38 टक्के वेळा चुकीच्या प्रमाणाचा अंदाज 30 टक्क्यांच्याही खाली आला. श्रंकन सेंट्रॉइड्स या दुसऱ्या पद्धतीत 18.5 टक्के वेळा. नव्या, स्वतंत्र डेटावर याच मॉडेल्सची कामगिरी नाणेफेकीइतकीच होती.

शून्य माहितीतून ‘70 टक्क्यांहून अधिक अचूक’ असा निकाल दर तीनांत एकदा तरी हाती लागतो, आणि तोसुद्धा सर्वमान्य पद्धत वापरून. या पेपरमधली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच.

## दोन वर्तुळं: आतलं निवडीसाठी, बाहेरचं गुणांसाठी

उपाय सांगायला सोपा आहे. जो डेटा निवडीसाठी वापरला, त्यावर गुण मोजायचे नाहीत. क्रॉस-व्हॅलिडेशनच्या प्रत्येक फेरीत निवड नव्याने, फक्त त्या फेरीच्या ट्रेनिंग भागावर करायची. म्हणजे एका क्रॉस-व्हॅलिडेशनच्या पोटात दुसरं. यालाच नेस्टेड क्रॉस-व्हॅलिडेशन म्हणतात.

एक खरा डेटासंच घेऊन पायरी-पायरीने बघू. अलोन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा डेटा या क्षेत्रात कित्येकदा वापरला गेला आहे. त्यात 62 ऊतींचे नमुने आहेत, 40 गाठीचे आणि 22 निरोगी, आणि प्रत्येक नमुन्यासाठी 2000 जनुकांची मोजमापं. नमुने 62 आणि रकाने 2000, हे प्रमाण डोक्यात ठेवा.

दोन सेटिंग्ज ठरवायच्या आहेत: किती जनुकं ठेवायची (20, 50, 100, 200 की 500) आणि मॉडेलला चुकांची शिक्षा किती कडक करायची (0.01, 0.1, 1, 10 की 100). एकूण 25 जोड्या.

आधी 62 नमुन्यांचे पाच भाग करायचे. गाठीचे आणि निरोगी यांचं प्रमाण प्रत्येक भागात सारखं राहील असे, म्हणजे प्रत्येकात 8 गाठीचे आणि 4 किंवा 5 निरोगी. पहिला भाग, 12 नमुन्यांचा, बाजूला ठेवला. उरले 50. आता या 50 चेच पुन्हा पाच भाग, दहा-दहाचे. 25 पैकी प्रत्येक जोडीसाठी 40 वर शिकवायचं, 10 वर तपासायचं, पाच वेळा. ज्या जोडीची सरासरी उत्तम, ती निवडली. त्या जोडीने सगळ्या 50 नमुन्यांवर मॉडेल पुन्हा शिकवलं आणि आता, पहिल्यांदाच, बाजूचे 12 नमुने उघडले. त्यांवर पडले ते या फेरीचे गुण. मग दुसरा भाग बाजूला ठेवून सगळं पहिल्यापासून.

आतल्या वर्तुळातला सर्वोत्तम आकडा फुगलेलाच असतो. असू दे, तो कुठे छापायचाच नसतो. त्याचं काम निवड करून संपतं. छापायची ती बाहेरच्या पाच गुणांची सरासरी.

पायथनमध्ये scikit-learn वापरणाऱ्यांसाठी हा सगळा फरक एका ओळीत आहे:

```python
pipe = make_pipeline(StandardScaler(), SelectKBest(), SVC(kernel="linear"))
params = {"selectkbest__k": [20, 50, 100, 200, 500],
          "svc__C": [0.01, 0.1, 1, 10, 100]}
grid = GridSearchCV(pipe, params, cv=inner)

grid.fit(X, y)
grid.best_score_                           # फुगलेला आकडा
cross_val_score(grid, X, y, cv=outer)      # नेस्टेड आकडे
```

`best_score_` हे नावच मोहात पाडतं. ‘बेस्ट स्कोअर’ म्हटल्यावर तोच निकाल वाटतो. पण तो 25 पैकी पहिल्या आलेल्या जोडीचा गुण आहे. शेवटच्या ओळीत `cross_val_score` ला एखादं ठरलेलं मॉडेल न देता अख्खा `grid`, म्हणजे ‘शोधा आणि निवडा’ ही संपूर्ण कृतीच दिली आहे, म्हणून निवड प्रत्येक फेरीत नव्याने होते.

खर्च किती? आतल्या वर्तुळात 25 जोड्या गुणिले 5, म्हणजे 125 वेळा शिकवणं, अधिक शेवटचं एकदा, असे 126. बाहेरच्या पाच फेऱ्या धरून 630. 62 नमुन्यांवर घरच्या लॅपटॉपला हे काहीच नाही. एकेक मॉडेल शिकवायला दिवस लागत असेल तिथे मात्र ही चैन परवडत नाही, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

## भाग पाडण्याआधीच केलेली निवड

वरच्या कोडमध्ये जनुकं निवडणारं `SelectKBest` हे `pipe` च्या आत आहे. ही जागा फार मोलाची आहे. पुष्कळ पेपरांत ‘सेटिंग्ज आम्ही नीट निवडल्या’ असं खरंच केलेलं असतं, पण त्याच्या आधी सगळ्या नमुन्यांवर ‘रोगाशी सर्वात जास्त संबंध असलेली 100 जनुकं’ काढून घेतलेली असतात. ही जनुकं काढताना टेस्टमधल्या रुग्णांची उत्तरं वापरली गेली. नंतर कितीही वर्तुळं काढली तरी ती माहिती आत आलेलीच असते.

किती नुकसान होतं? हेस्टी, टिब्शिरानी आणि फ्रीडमन या संख्याशास्त्रज्ञांनी एक उदाहरण दिलं आहे. 50 नमुने, दोन सारखे गट, 5000 रकाने, आणि सगळे रकाने निव्वळ यादृच्छिक, गटांशी कशाचाही संबंध नाही. आधी सगळ्या 50 नमुन्यांवरून गटाशी सर्वात जास्त जुळणारे 100 रकाने निवडले. मग त्या 100 वर ‘जवळच्या शेजाऱ्याचा गट तोच आपला’ या अगदी साध्या मॉडेलचं क्रॉस-व्हॅलिडेशन केलं. सरासरी चूक आली 3 टक्के. खरी चूक 50 टक्के. कारण उघड आहे: 5000 रकान्यांत योगायोगाने या 50 जणांच्या गटांशी जुळणारे शंभर सापडतातच, आणि ते टेस्टमध्ये जाणाऱ्या नमुन्यांशीही आधीच जुळवून घेतलेले असतात.

वर सांगितलेला आतड्याचा डेटा आणि रक्ताच्या कर्करोगाचा तितकाच गाजलेला दुसरा डेटा, या दोन्हींवर ॲम्ब्रॉइस आणि मॅक्लाकलन यांनी 2002 मध्ये हेच तपासलं. मोजक्या जनुकांवर जवळजवळ शून्य चूक असे निकाल तेव्हा प्रसिद्ध होत होते. जनुकांची निवड क्रॉस-व्हॅलिडेशनच्या आत नेल्यावर ती शून्य चूक राहिली नाही.

मोजमापं एका पातळीवर आणणं, गाळलेल्या नोंदी भरणं, लहान गटाचे कृत्रिम नमुने बनवून संख्या वाढवणं, हे सगळंसुद्धा भाग पाडल्यानंतर, फक्त ट्रेनिंगवर करायचं. यातली पहिली चूक बहुतेकदा थोडक्यात भागते. शेवटची महागात पडते, कारण कृत्रिम नमुने खऱ्या नमुन्यांच्या जवळपासचे असतात, आणि मूळ नमुना टेस्टमध्ये असताना त्याची सावली ट्रेनिंगमध्ये येऊन बसते.

## ‘पाच फेऱ्यांत पाच वेगळ्या सेटिंग्ज आल्या, मग मॉडेल कुठलं?’

नेस्टेड पद्धत पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण हे विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. पहिल्या फेरीत 50 जनुकं निवडली गेली, दुसरीत 200, मग रुग्णासाठी वापरायचं काय?

बाहेरचं वर्तुळ एखाद्या मॉडेलचे गुण मोजतच नाही. ‘या 25 जोड्यांतून या रीतीने निवडा आणि शिकवा’ या कृतीचे गुण मोजतं. वापरायचं मॉडेल हवं असेल तर तीच कृती शेवटी सगळ्या 62 नमुन्यांवर एकदा करायची. वरच्या कोडमधला `grid.fit(X, y)` तेच करतो. जी जोडी येईल ती वापरायची, आणि तिच्यासोबत छापायचा तो आकडा मात्र नेस्टेडचा. पाच बाहेरच्या मॉडेल्सपैकी सर्वात चांगलं उचललं, तर पुन्हा निवड झाली.

पाच फेऱ्यांत सेटिंग्ज वेगळ्या येणं हा दोष नाही. पण एकीत 20 जनुकं आणि दुसरीत 500, असं टोकाचं हेलकावणं दिसलं, तर एवढ्या डेटावरून निवड करणंच कठीण आहे असं समजावं. पेपरने या फेऱ्यांच्या सेटिंग्ज छापल्या असतील तर ते लेखक विश्वास ठेवण्याजोगे आहेत, असा माझा अनुभव आहे.

## ‘डेटा मोठा असेल तर एवढा खटाटोप कशाला?’

हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. पावसाच्या हिशेबात 40 दिवसांऐवजी 10,000 दिवस घेतले, तर 50 जणांतला पहिला 68 टक्क्यांवर नव्हे, साधारण 51 वर थांबतो. म्हणून लाखो चित्रांच्या डेटावर नेस्टेड पद्धत सहसा कुणी वापरत नाही. तिथे डेटाचे तीन भाग करतात: ट्रेनिंग, सेटिंग निवडायला व्हॅलिडेशन, आणि शेवटी एकदाच उघडायला टेस्ट. शेवटचा भाग खरोखर एकदाच उघडला असेल, तर यात काही कमी नाही.

वर्षानुवर्षं तीच टेस्ट वापरलेल्या इमेजनेटचं काय झालं, हे बेन रेख्त आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये पाहिलं. त्यांनी मूळ रीतीनेच नवी चित्रं गोळा केली आणि जुनी मॉडेल्स त्यांवर चालवली. अचूकता 11 ते 14 टक्क्यांनी घसरली. तरी मॉडेल्सचा क्रम बहुतेक तसाच राहिला, आणि त्यांच्या मते ही घसरण टेस्ट वारंवार वापरल्यामुळे नव्हती, नवी चित्रं किंचित अवघड असल्यामुळे होती. मोठ्या टेस्टवर वारंवार वापराची इजा वाटते तेवढी होत नाही, हे मान्य करायला हवं. पण बायडूच्या प्रसंगात दोन निकालांतलं अंतर 0.24 टक्के होतं. शर्यत इतक्या बारीक फरकाची असेल, तेव्हा थोडा फुगवटाही क्रम बदलायला पुरतो.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो: ‘मला फक्त कुठलं मॉडेल वापरायचं ते ठरवायचंय.’ वेनर आणि कॉली यांनी 2021 मध्ये दाखवलं की मोजक्या सेटिंग्ज असलेल्या पद्धतींमधून एक निवडायची असेल, तर साधं क्रॉस-व्हॅलिडेशनही बहुधा तितकीच चांगली निवड करून देतं. यातले कॉली म्हणजे 2010 मध्ये निवडीमुळे येणाऱ्या फुगवट्यावर सविस्तर लिहिणारेच, म्हणून मी हे वजनाने घेतो. दोन्ही म्हणण्यांत विरोध नाही. कुठलं घ्यायचं हा एक प्रश्न, आणि घेतलेलं किती चांगलं चालेल हा दुसरा. बातमीत आणि पेपरच्या सारांशात छापला जातो तो दुसऱ्याचा आकडा.

## पेपरमध्ये बोट कुठे ठेवायचं

पद्धतीच्या विभागात ट्यूनिंगबद्दलचं वाक्य शोधा. ‘सर्वोत्तम सेटिंग्ज प्रयोगाने निवडल्या’ एवढंच लिहिलं असेल आणि कुठल्या भागावर ते नसेल, तर टेस्टवरच निवडल्या असं धरून चाला. डेटाचे फक्त दोन भाग सांगितले असतील, ‘80 टक्के ट्रेनिंग, 20 टक्के टेस्ट’, आणि पुढे पंधरा सेटिंग्जचा तक्ता असेल, तर निवड कशावर झाली याला तिसरी जागाच उरत नाही.

डीप लर्निंगमध्ये एक चूक इतकी सवयीची झाली आहे की ती चूक वाटत नाही. लेखकांनी कोड जाहीर केलं असेल तर हे शोधा:

```python
model.fit(X_train, y_train, epochs=200,
          validation_data=(X_test, y_test),
          callbacks=[EarlyStopping(restore_best_weights=True)])
```

इथे प्रत्येक फेरीनंतर मॉडेल टेस्टवर तपासलं जातंय आणि टेस्टवर जिथे सर्वात चांगलं होतं, तिथलं मॉडेल ठेवलं जातंय. ‘किती फेऱ्या’ ही सेटिंग टेस्टवर निवडली गेली. पेपरात याची खूण म्हणजे फेरीगणिक टेस्टचा आलेख आणि मजकुरात त्या आलेखाच्या शिखरावरचा आकडा.

मग नमुन्यांची संख्या बघा. 62 नमुन्यांत एक नमुना म्हणजे 1.6 टक्के. दोन पद्धतींत 3 टक्क्यांचं अंतर असेल तर ते दोन माणसांचं अंतर आहे. आणि याच डेटात सगळ्यांना डोळे मिटून ‘गाठ’ म्हटलं तरी 65 टक्के बरोबर येतं, कारण 62 पैकी 40 गाठीचेच आहेत. लेखकांनी हा पायाचा आकडा दिलेला नसेल तर तो तुम्ही काढा.

तुलनेतल्या जुन्या पद्धतीकडेही लक्ष द्या. आपल्या नव्या पद्धतीच्या शंभर सेटिंग्ज तपासल्या आणि जुनी आहे त्या सेटिंगवर एकदाच चालवली, तर जिंकणारा आधीच ठरलेला असतो.

ही तपासणी अवाजवी वाटत असेल तर कपूर आणि नारायणन यांचा 2023 चा आढावा बघावा. टेस्टची माहिती ट्रेनिंगमध्ये झिरपण्याचे निरनिराळे प्रकार त्यांनी एकत्र केले. 17 ज्ञानशाखांतल्या 294 पेपरांवर त्याचा परिणाम झाल्याचं त्या-त्या क्षेत्रातल्या लोकांनीच आधी दाखवून दिलं होतं.

## नेस्टेड करूनही कुठे फसतं

बाहेरच्या वर्तुळाचा आकडा बघून आवडला नाही, म्हणून 25 च्या जागी 60 जोड्या घेतल्या आणि पुन्हा सगळं चालवलं, तर बाहेरचं वर्तुळच ट्यूनिंगचं साधन झालं. हे कोडमध्ये दिसत नाही, संशोधकाच्या वहीतच दिसतं. म्हणून कुठल्या सेटिंग्ज तपासायच्या हे आधी लिहून ठेवणारे लेखक अधिक भरवशाचे.

एकाच रुग्णाचे चार नमुने असतील तर ते चारही एकाच भागात जायला हवेत, आतल्या वर्तुळातही. नाहीतर मॉडेल रोगाऐवजी रुग्ण ओळखायला शिकतं. आणि सगळा डेटा एकाच रुग्णालयाचा, एकाच यंत्राचा असेल, तर नेस्टेड आकडा त्या रुग्णालयापुरताच बोलतो. दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर काय होईल ते त्याला माहीत नसतं. त्यासाठी तिथलाच डेटा लागतो.

लेखकांचा कोड आणि डेटा दोन्ही हाताशी असतील, तर बहुतेक गळती पकडणारी एक चाचणी कुणालाही करता येते. नमुन्यांसमोरची ‘गाठ’ आणि ‘निरोगी’ ही लेबलं अगदी सुरुवातीला, इतर कुठलीही पायरी चालण्याआधी, आपसांत ढवळून टाका. मग त्यांची सगळी कृती, जनुकं निवडण्यापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत, जशीच्या तशी चालवा. असं वीसेक वेळा करा. आता शिकण्यासारखं काहीच उरलेलं नाही, त्यामुळे सरासरी अचूकता पायाच्या आकड्याच्या वर जाता कामा नये. आतड्याच्या डेटात तो 65 टक्के. ढवळलेल्या लेबलांवरही सरासरी 80 येत असेल, तर मूळ पेपरातल्या आकड्याचा 80 पर्यंतचा भाग रोगाबद्दल काहीच सांगत नाही.